‘छान झालं’च्या पुढचं विचारा

लालबाग, परळ आणि गिरगावातल्या चाळींच्या खोल्या आतून नव्याने बांधून देण्याचं आमचं काम आहे. ओटा, मोरी, पोटमाळा, भिंतीतली कपाटं, असं सगळं. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक जाहिरात वाचून येत नाही. कुणाच्या तरी मावशीच्या खोलीत आमचं काम बघितलेलं असतं. पण दादरची माणसं गिरगावातली खोली बघायला जात नाहीत, त्यांना काहीतरी वाचायला लागतं. म्हणून आम्ही गिऱ्हाइकांकडून अभिप्राय मागायला लागलो.

‘चार ओळी लिहून द्या ना’ असं म्हटलं की समोरचा मनापासून हो म्हणतो आणि पुढे काहीही होत नाही. त्यात आळस नसतो. कोऱ्या जागेत काय लिहायचं, हेच त्याला सुचत नाही. जो लिहितो तो ‘खूप छान काम, धन्यवाद’ एवढंच लिहितो आणि खाली हात जोडलेली खूण टाकतो. त्याचा मनाचा मोठेपणा खरा, पण ते वाचून नव्या माणसाच्या मनातला एकही प्रश्न सुटत नाही.

यावर एका जाहिरातवाल्याने आम्हाला सोपा मार्ग सुचवला. त्याने मजकूर स्वतःच लिहिला आणि ‘हे कॉपी करून टाका’ असं म्हणून आमच्या गिऱ्हाइकांना पाठवला. त्यांनी भिडेखातर टाकलाही. नंतर दादरहून आलेल्या एक बाई मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, “अहो, ही सगळी माणसं ‘अतिशय’मधली ति दीर्घच कशी लिहितात?” त्यांनी काम आम्हाला दिलं नाही. आणि ज्यांच्या नावाने तो मजकूर गेला होता, ती माणसं खरोखर आमच्यावर खूश होती. खोट्या शब्दांनी त्यांचं खरं समाधान संशयास्पद करून टाकलं. पुढे त्याच माणसाने अभिप्रायावर पाच टक्के सूट ठेवायचं सुचवलं, तेव्हा त्याला निरोप दिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. जाहिरातीत वापरलेली शिफारस ही त्या माणसाचं प्रामाणिक मत असावी, वस्तूच्या किंवा सेवेच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर टेकलेली असावी, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांत विश्वासावर परिणाम करणारा काही संबंध असेल तर तो उघड करावा. सूट घेऊन लिहिलेल्या कौतुकाखाली ‘सूट घेतली’ असं लिहायचं म्हटलं, तर त्या कौतुकाला विचारतं कोण? गूगलवरही पैसे किंवा सवलत देऊन परीक्षण लिहून घ्यायला मनाई आहे.

आता आम्ही चारच प्रश्न पाठवतो. दहा-बारा प्रश्नांचा फॉर्म पाठवून बघितला होता. लोक तो उघडतात, खाली किती बाकी आहे ते बघतात आणि बंद करतात. चारांतला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ‘काम द्यायच्या आधी तुमच्या मनात सगळ्यात मोठी धाकधूक कशाची होती?’ हा काही मी शोधलेला नाही. मुंबईत वाढून पुढे न्यूझीलंडला स्थायिक झालेले शॉन डिसूझा यांच्या ‘ब्रेन ऑडिट’ या पुस्तकात अभिप्रायासाठीचे प्रश्न आहेत आणि त्यांचीही सुरुवात विकत घेण्याच्या आड काय येत होतं, याच प्रश्नाने होते. कारण उघड आहे. समाधानी माणूस आधी शंकेखोर होता, हे वाचल्याशिवाय नव्या शंकेखोराला तो आपल्यातला वाटत नाही. बाकीचे तीन आमच्या कामाला बेतलेले आहेत. काम चालू असताना घरात राहणं कसं जमवलंत? आता रोजच्या वापरात काय बदललं, एखादी गोष्ट सांगाल का? आणि तुमच्याच मजल्यावर कुणी असं काम काढलं, तर त्यांना काय सांभाळायला सांगाल?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ देता येत नाही. ‘काम वेळेत झालं ना?’ असं विचारलं की ‘हो’ येतं आणि त्या ‘हो’मध्ये काहीच नसतं. शिवाय उत्तर काय हवंय ते प्रश्नातच कळतं, मग भला माणूस आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तेच देतो. ‘काय’, ‘कसं’, ‘कशाची’ यांनी प्रश्न उभा केला की माणूस आठवायला लागतो. शेवटच्या प्रश्नात आपलं कौतुक कुठेच मागितलेलं नाही, हे मुद्दाम केलं आहे. शेजाऱ्याला सल्ला देताना माणूस संकोचत नाही, आणि सल्ल्यातून आपल्या कामाची खरी नोंद येते.

लालबागच्या एका घराचं उदाहरण सांगतो. दहा बाय सोळाची खोली, दुसरा मजला, घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि गुडघे गेलेल्या सासूबाई. आम्ही ओटा नवा केला, मोरी नव्याने बांधून तिला वॉटरप्रूफिंग केलं आणि पोटमाळ्याची लोखंडी शिडी काढून तिथे कप्प्यांचा लाकडी जिना बसवला. ताईंना आधी नुसतं ‘अभिप्राय द्या’ म्हटलं होतं, तेव्हा उत्तर आलं होतं, “छान झालं सगळं.” काही आठवड्यांनी चार प्रश्न पाठवले आणि वर लिहिलं, ‘टाईप करायला नको, बोलून पाठवलंत तरी चालेल.’ दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यांची व्हॉइस नोट आली.

त्या म्हणाल्या, “भीती धुळीची नव्हती हो, पाण्याची होती. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. त्या वेळेला मोरी फोडलेली असली तर भरायचं कुठे? तुमच्या माणसांनी मोरी अर्धी अर्धी केली, म्हणून निभावलं. ओट्याच्या दिवसांत स्टोव्ह गॅलरीत नेला, पण शेजारच्या काकूंना आधी विचारलं, नाहीतर भांडण झालं असतं. आई आता पोटमाळ्यावर एकट्या चढतात, लोणच्याच्या बरण्या स्वतः काढतात. खालचा कप्पा मात्र जोरात ओढला की सगळाच हातात यायचा. फोन केल्यावर परत येऊन बसवून दिलात. कुणी काम काढलं तर त्यांना सांगेन, गणपतीच्या तोंडावर काढू नका आणि मोरीचं आधी विचारा.”

मी शंभर वर्षं बसून लिहिलं असतं तरी मला पहाटेचं पाणी सुचलं नसतं. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण ‘कमी धूळ, वेळेत काम’ अशीच जाहिरात करतो आणि माणसांना भीती दुसऱ्याच गोष्टीची असते. तो निसटणारा कप्पा मी काढून टाकावा, असं आमचा सुतार म्हणत होता. मी तो ठेवला. नव्या गिऱ्हाइकांत सर्वांत जास्त चर्चा त्या कप्प्याचीच होते. परत बोलावलं तर हे येतात का, हेच तर त्यांना जाणून घ्यायचं असतं.

व्हॉइस नोटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे निम्मं यश त्यातच आहे. मोबाईलवर मराठी टाईप करताना माणसं आखडतात, पत्र लिहायला बसल्यासारखी ‘आपले कार्य प्रशंसनीय आहे’ असं लिहायला लागतात. बोलताना तीच माणसं मालवणी वळणाने भडाभडा सांगतात. आम्ही ते ऐकून उतरवून घेतो. उतरवताना पुनरुक्ती आणि ‘म्हणजे काय ना’ काढतो, वाक्यं मागेपुढे करत नाही, आणि एकही विशेषण घालत नाही. मग तो मजकूर त्यांना परत पाठवतो आणि तीन गोष्टी विचारतो: हे असंच छापू का, नाव कसं घालू, आणि कुठे वापरू. पुष्कळ बायकांना पूर्ण नाव नको असतं. तिथे ‘लालबाग, दुसरा मजला, पाच माणसांचं घर’ एवढं पुरतं, खोली क्रमांक कधीच नाही. फोटो घेतला असेल तर त्यात देव्हारा, तिजोरी किंवा मुलं दिसतात का, हेही त्यांच्यासमोर बघून घेतो. लेखी ‘हो’ आल्याशिवाय काही वापरत नाही.

विचारायची वेळ चुकली की चांगले प्रश्नही फुकट जातात. काम संपल्याच्या दिवशी घरात आनंद असतो, पण अनुभव नसतो. ओट्यावर अजून फोडणीही पडलेली नसते. मोरीचं काम असेल तर खालच्या मजल्यावर ओल उतरत नाही ना, हे कळायला थोडे दिवस रोजचा वापर व्हावा लागतो. म्हणून आम्ही महिनाभर थांबतो. फार थांबलं तर माणसं विसरतात, नवी खोली अंगवळणी पडते आणि पहिल्या दिवसांची धाकधूक आठवेनाशी होते. लालबाग-परळात गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि गणपतीचे दिवस तर विचारूच नये, कुणाला फुरसत नसते. उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करायची. दुसऱ्यांदा विचारलं की ते उधारी मागितल्यासारखं होतं.

कधी कधी प्रश्नांना उत्तर म्हणून तक्रार येते. एका गिरगावच्या आजोबांनी ‘काय बदललं?’ला लिहिलं, “खिडकीचं दार पावसात फुगतं, बंद होत नाही.” अशा वेळी अभिप्रायाचा विषय तिथेच सोडायचा, माणूस पाठवायचा, दार रंधून द्यायचं. आजोबांना पुन्हा प्रश्न पाठवले नाहीत. दार दुरुस्त केल्याच्या बदल्यात चार गोड ओळी, असा सौदा होऊन बसला असता.

जमलेले अभिप्राय आम्ही एकत्र रचून कुणापुढे ठेवत नाही. गिरगावातून कुणी फोन करून ‘आई म्हातारी आहे, शिडी चढवत नाही’ म्हणालं, तर लालबागच्या ताईंचा एकच मजकूर पाठवतो. मोरी गळण्याची चिंता असेल तर दुसरा. प्रत्येकाखाली महिना आणि वर्ष असतं, कारण पाच वर्षांपूर्वीच्या कामावरून आजच्या दराचा किंवा कारागिराचा अंदाज बांधला जाऊ नये.

आता गिऱ्हाईकही बदलतंय. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. अशा घराचं काम आलं की आमचा दुसरा प्रश्न गैरलागू होतो, कारण काम चालू असताना कुणी तिथे राहत नाही. त्याऐवजी सध्या आम्ही विचारतोय, ‘जुन्या खोलीतलं काय आणलंत आणि ते कुठे बसवलंत?’ पहिली उत्तरं भांड्यांच्या मांडणीबद्दल आणि गॅलरी गेल्याबद्दल आली आहेत. त्यातली गॅलरीची उत्तरं आमच्या कामाबद्दल काहीच सांगत नाहीत, म्हणून प्रश्न अजून बदलावा लागेल.