कोलातला कॅरॅमल आणि आपल्या पातेल्यातला कॅरॅमल: एकच का?

बेकरीच्या मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, मी ब्राऊन ब्रेड विकते. रंगासाठी घरीच साखर जाळून घालते. पाकिटावर 'कोलातला केमिकल कलर नाही' असं छापलं तर चालेल ना?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. एकेक करून बघू.

पहिला प्रश्न: ही वस्तू एकच आहे का? आपण जाड बुडाच्या पातेल्यात साखर मंद आचेवर ठेवतो. १६० ते १७० अंशांना ती सोनेरी होते, छान वास सुटतो. १९० च्या पुढे गेली की काळपट होते आणि गोडी जाऊन कडूपणा येतो. यात साखर आणि उष्णता, एवढंच.

कारखान्यातला कॅरॅमल रंगही साखरेपासून, बहुतेक वेळा ग्लुकोज सिरपपासून करतात. त्याचे चार प्रकार आहेत आणि पाकिटावर ते १५० हा आकडा आणि पुढे ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर असे दिसतात. 'ए' म्हणजे साधा: त्यात अमोनिया नाही, सल्फाइटही नाही. हा आपल्या जळक्या साखरेचा जवळचा भाऊ. 'बी' मध्ये सल्फाइट, 'सी' मध्ये अमोनिया आणि 'डी' मध्ये दोन्ही वापरून सिरप शिजवतात. कोलात असतो तो 'डी'.

आता कोलावाले साधा रंग का वापरत नाहीत? कारण कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं, पेय चांगलंच आंबट असतं. रंगाच्या कणांवर विद्युतभार असतो आणि पेयातल्या बाकीच्या घटकांशी तो जुळला नाही, तर पेय गढूळ होतं, तळाशी साका बसतो. 'डी' प्रकारावरचा ऋणभार आम्लातही टिकतो. शिवाय तो इतका गडद असतो की थोडासाच पुरतो.

भीती कुठून आली? अमोनिया वापरला की शिजताना ४-मिथाइलइमिडाझोल नावाचं द्रव्य थोडं तयार होतं. म्हणजे ते 'सी' आणि 'डी' मध्ये येतं. मोठ्या मात्रेत दिल्यावर उंदरांच्या फुप्फुसात गाठी दिसल्या. म्हणून कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये ते यादीत घातलं आणि दिवसाला २९ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. त्यापेक्षा जास्त जात असेल तर इशारा छापायचा. मोठ्या कंपन्यांनी रंग बनवायची पद्धत बदलून हे प्रमाण कमी केलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं असं की, उंदरांना दिलेल्या मात्रेला पोचायला माणसाला रोज हजाराहून जास्त कॅन प्यावे लागतील. आणि हेच द्रव्य कॉफी भाजतानाही तयार होतं. ३०० मिलीच्या कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते. तब्येतीची काळजी असेल तर आधी ती मोजा.

दुसरा प्रश्न ब्रेडचा, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथेच आहे. ताईंचंच उदाहरण घ्या. एक किलो पिठात ८०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम गव्हाचा आटा आणि वर दोन चमचे जळक्या साखरेचं पाणी. ब्रेड दिसतो पूर्ण आट्याच्या ब्रेडसारखा तपकिरी, पण गव्हाचा कोंडा त्यात पाचवा हिस्साच. त्या रंगाने कुणाला अपाय होणार नाही. पण गिऱ्हाईक तो ब्रेड डायबेटिस असलेल्या वडिलांसाठी नेतं, आट्याचा समजून. त्याची फसवणूक होते. मग तो रंग कारखान्यातला असो की तुमच्या पातेल्यातला.

म्हणून मी ताईंना सांगितलं: 'केमिकल नाही' हे वाक्य काढा. त्याऐवजी पाकिटावर आटा किती टक्के ते मोठ्या अक्षरात लिहा, आणि जळकी साखर घटकांत दाखवा. किंवा रंग सोडून द्या आणि आटा वाढवा. आटा वाढवला तर पाणी थोडं जास्त लागेल, ब्रेड जरा कमी फुगेल. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा.

आज एक काम करा. दुकानातून ब्राऊन ब्रेड आणा आणि घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि खाली १५० असेल, तर तो रंग गव्हाचा नाही. मग स्लाइस उजेडात धरा. आट्याच्या ब्रेडमध्ये कोंड्याचे ठिपके दिसतात. रंगवलेला मैदा सगळीकडे एकसारखा तपकिरी आणि मऊ स्पंजासारखा असतो. त्यानंतर तुमच्या स्वतःच्या ब्रेडची स्लाइस तशीच उजेडात धरून बघा.