इंजिनाचे सीसी कसे काढावे?

प्रश्न : मारुती ८०० च्या इंजिनाचा बोअर ६८.५ मिमी व स्ट्रोक ७२ मिमी असून सिलिंडर तीन आहेत. गणित केल्यावर उत्तर ३,१८४ सीसी येते. मापे चुकली आहेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपली मापे बरोबर आहेत. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास. तो त्रिज्या समजून वापरला गेल्याने उत्तर नेमके चौपट आले आहे, आणि हीच या चुकीची खूण होय. मिलिमीटरचे सेंटिमीटर करून ६.८५ चा वर्ग ०.७८५४ ने गुणल्यास छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.८५ चौरस सेंमी येते, त्याला स्ट्रोकने, म्हणजे पिस्टनच्या हालचालीच्या वरच्या व खालच्या टोकांमधील ७.२ सेंमी अंतराने गुणले की एका सिलिंडरचे सुमारे २६५.३ आणि तिन्हींचे ७९६ सीसी होतात. नावातील ८०० हा केवळ पूर्णांकित आकडा आहे.

स्ट्रोकऐवजी सिलिंडरची पूर्ण लांबी मात्र घेऊ नये, तसेच पिस्टनच्या वर उरणारी ज्वलनकक्षाची जागा यात धरली जात नाही. जुन्या इंजिनाचे रिबोअरिंग होऊन व्यास ६९ मिमी झाला असल्यास उत्तर सुमारे ८०८ येईल, म्हणून झिजलेल्या किंवा रिबोअर केलेल्या सिलिंडरच्या मापावरून मूळ क्षमता ठरवणे योग्य नव्हे.