‘धन्य’ म्हणताना

आईच्या पंचाहत्तरीला मी तिच्यावर कविता वाचली. ओट्याखालच्या कपाटात ती प्लास्टिकच्या पिशव्या घड्या घालून ठेवते, त्यावर. पहिलं कडवं तिच्या बोटांवर होतं, ते सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्याला मामेभाऊ खो खो हसला आणि त्याने शेजारच्याला टाळी दिली. पाहुणे पांगल्यावर आई म्हणाली, “चेष्टा केलीस होय गं माझी?” ते कडवं लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हे तिला कसं सांगणार?

कडवं असं होतं:

पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
मातोश्री, किती या न्याऱ्या!
धन्य ते कपाट, धन्य तो ओटा,
धन्य आम्ही लेकी साऱ्या!

आज वाचताना मलाच नवल वाटतं. यात माया कुठे आहे? पण लिहिताना मला खरोखरच दिसत होती.

घोटाळा ‘धन्य’पासून सुरू झाला. माझ्या डोक्यात अभंगातलं ‘धन्य’ होतं, हात जोडलेलं. घरात मात्र आपण हा शब्द कधी वापरतो? “धन्य आहे बाई तुझी!” म्हणताना. थोर, महान, शहाणा, कृपा या शब्दांचंही बोलण्यात असंच झालंय. “थोर आहेस” हे कौतुक म्हणून शेवटचं कुणाला म्हणालात, आठवून बघा. देवळात किंवा डोंगरासमोर हे शब्द अजून सरळ उभे राहतात, पण कपाट आणि ओट्याला लावले की ऐकणाऱ्याच्या कानात घरातलाच अर्थ वाजतो. भारदस्त भाषा आणि क्षुल्लक विषय यांची जोडी तर विडंबनाची ठरलेली जागा. ‘झेंडूची फुले’ लिहून अत्र्यांनी मराठी वाचकाचा कान त्या बाजूला चांगलाच तयार करून ठेवलाय. मी तीन वेळा ‘धन्य’ म्हटल्यावर मामेभाऊ हसला, यात त्याची चूक नव्हती.

‘मातोश्री’ची गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. पहिल्या कडव्यात मी ‘आई, तू’ म्हणत होते. इथे ‘आई’ लयीत अपुरं पडलं, तीन अक्षरं हवी होती, म्हणून ‘मातोश्री’ आलं. आमच्या घरात हा शब्द फक्त “आमच्या मातोश्री रुसल्यात” असं म्हणताना निघतो. तसंच ‘साऱ्या’ला यमक हवं म्हणून ‘न्याऱ्या’. छंदाची भरती करायला घेतलेला शब्द आपला सूर बरोबर घेऊन येतो, आणि आपण फक्त अक्षरं मोजत बसतो.

आणखी एक कारण मला बऱ्याच उशिरा सापडलं. दोन्ही कडवी वेगवेगळ्या दिवशी लिहिली होती, आणि दुसऱ्याच्या दिवशी सकाळी त्याच कपाटाच्या साफसफाईवरून आमची खडाजंगी झाली होती. तो राग कवितेत शिरला आणि मला पत्ताही लागला नाही.

तेव्हापासून मायेची कविता झाली की मी ती मुद्दाम टोमण्याच्या सुरात मोठ्याने वाचते, भुवया उंचावून. ज्या ओळी त्या सुरात अडखळतात त्या शाबूत असतात. ज्या आरामात बसतात, तिथे खूण करते. मग खुणेच्या जागी तीन गोष्टी पाहते: घरात उलट अर्थाने वापरला जाणारा शब्द, अचानक बदललेलं संबोधन (तूचं तुम्ही, आईचं मातोश्री) आणि उद्गारचिन्ह. कडव्याच्या शेवटच्या ओळीत तर उद्गारचिन्ह फारच जपून. वात्रटिकांच्या सवयीने चौथ्या ओळीत चिमटा येणार असं ऐकणारा धरूनच चालतो.

सूर मुद्दाम बदलायला माझी हरकत नाही. पण मग निदान एक ओळ अशी हवी, जिथे बोलणारी बदलते आहे हे वाचकाला दिसेल. माझ्या कवितेत तशी ओळ नव्हती, कारण मी बदललेय हे मलाच कळलं नव्हतं.

कडवं दुरुस्त करताना आधी वाटलं, विनोद काढून टाकावा. तसं केलं तर कविता सत्कार समारंभातल्या भाषणासारखी झाली. मग विशेषणं काढली आणि कपाटातच काय काय आहे ते बघितलं:

पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी,
प्रत्येकीची नीट घडी;
तळाशी, आई, तू जपून ठेवलेली
माझ्या बुटांची नाडी.

हसू अजूनही येतं, पण नाडीमुळे मीही त्या कपाटात आले. आता आईकडे लांबून बोट दाखवणारं कुणी उरलं नाही. ‘घडी’ला ‘नाडी’ मिळाली ते नशीब; मिळाली नसती तर यमक सोडलं असतं.

हे नवं कडवं मी आईला स्वयंपाकघरातच वाचून दाखवलं. तिने ऐकलं, हात पुसले आणि म्हणाली, “ती नाडी टाकली नाहीस ना? लागते कशाला तरी.”