'लिमिटेड' आहे, पण शेअर बाजारात नाव नाही

प्रश्न : ओळखीचे एक गृहस्थ अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका 'लिमिटेड' कंपनीचे शेअर विकत आहेत. बाजाराच्या यादीत तिचं नाव नाही. कंपनी बोगस असेल का? भागधारक कोण, हे कुठे कळेल?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : एवढ्यावरून कंपनी बोगस ठरत नाही. पब्लिक कंपनीला किमान सात भागधारक लागतात, शेअर बाजारात नोंदणी लागत नाही. 1992 साली स्थापन झालेला राष्ट्रीय शेअर बाजारही तीन दशकं असाच असूचीबद्ध होता.

कंपनीच्या लेटरहेडवरचा 21 अक्षरांचा CIN बघा. पहिलं अक्षर U म्हणजे असूचीबद्ध, L म्हणजे सूचीबद्ध. मधे PLC असेल तर पब्लिक, PTC असेल तर प्रायव्हेट.

सूचीबद्ध कंपनी दर तिमाहीला भागधारणा जाहीर करते. इथे तो तपशील वर्षातून एकदाच मिळतो. mca.gov.in वर View Public Documents मध्ये शंभर रुपये भरून MGT-7 हे वार्षिक विवरणपत्र उघडा आणि सोबत जोडलेली भागधारकांची यादी पाहा. मात्र ती 31 मार्चची असते, नंतरचे व्यवहार तिच्यात दिसत नाहीत. म्हणून नोंदणीकृत कार्यालयात सभासद नोंदवहीही पाहायला मागा. माफक शुल्क भरून बाहेरच्या माणसालाही तो हक्क आहे.

या गृहस्थांचं नाव यादीत नसेल, तर शेअर त्यांच्याकडे कधी आणि कोणाकडून आले, हे विचारा. ते कागदी प्रमाणपत्र पुढे करत असतील तर थांबा. ऑक्टोबर 2018 पासून अशा शेअरचं हस्तांतर डिमॅटमधूनच होतं.