अर्जाच्या रकान्यात मराठी का उमटत नाही?

प्रश्न : एका शिष्यवृत्तीचा अर्ज पीडीएफमध्ये आला आहे. रकान्यांत टाइप करून तो ईमेलने परत पाठवायचा आहे. उत्तरे मराठीत हवीत, पण टाइप केले की चौकोन दिसतात. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवू का?
– एक वाचक, शिराढोण, ता. कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : इतक्यात नको. आधी एक साधी परीक्षा करा. चौकोन दिसणाऱ्या रकान्यात क्लिक करून Ctrl+A आणि मग Ctrl+C दाबा. नोटपॅड उघडून तिथे Ctrl+V करा. नोटपॅडमध्ये ‘शिराढोण, ता. कळंब’ असे नीट उमटले, तर तुमचे उत्तर फाइलमध्ये शाबूत आहे. बिघाड फक्त दिसण्यात आहे. तिथेही चौकोन किंवा प्रश्नचिन्हे आली, तर अक्षरे रकान्यात पोचलीच नाहीत.

हे असे का होते? पीडीएफच्या प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी असतात: लिहिलेला मजकूर आणि तो कोणत्या फॉन्टमध्ये दाखवायचा याची सूचना. अर्ज तयार करणाऱ्याने काही बदलले नाही, तर तो फॉन्ट बहुधा हेल्व्हेटिका असतो. पीडीएफ 1993 मध्ये आले, तेव्हापासून त्यात गृहीत धरलेले 14 फॉन्ट आहेत आणि त्यांपैकी एकातही देवनागरी नाही. अक्षराचा आकारच नसेल, तर प्रोग्रॅम चौकोन काढतो.

कधी अक्षरे दिसतात, पण मोडलेली. ‘क्षेत्र’ हा शब्द संगणकात क, पायमोडीचे चिन्ह, ष, मात्रा, त, पुन्हा पायमोडी आणि र असा सात चिन्हांनी साठवलेला असतो. त्यांची जोडाक्षरे जुळवणे हे प्रोग्रॅमचे काम. ते त्याला येत नसेल तर ‘क् षेत् र’सारखे काही दिसते, आणि ‘शि’ची वेलांटी श च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. पाहायला विचित्र असले, तरी साठवलेला मजकूर बरोबर असू शकतो. नोटपॅडची परीक्षा इथेही लागू पडते.

आता अर्ज कोण वाचणार, हे विचारून घ्या; उपाय त्यावर ठरतो. रकान्यांतला मजकूर संगणक परस्पर उचलून यादीत भरणार असेल, आणि नोटपॅडमध्ये मराठी शाबूत आली असेल, तर फाइल तशीच पाठवा. चौकोन दिसले तरी चालतील. अशा वेळी छापील किंवा स्कॅन केलेली प्रत पाठवली, तर संगणकाला सगळे रकाने रिकामे मिळतील.

माणूस वाचणार असेल, तर दिसणे महत्त्वाचे. तोच अर्ज संगणकावर फायरफॉक्समध्ये उघडून भरून पाहा. तिथे टाइप करताना मराठी बहुधा नीट दिसते. मग सेव्ह न करता प्रिंटमध्ये जाऊन ‘Save to PDF’ निवडा. तयार झालेली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. स्वतःच्या संगणकावर पाहून समाधान मानू नका, कारण तिथला फॉन्ट तिकडे असेलच असे नाही.

तेही जमले नाही, तर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये ए-फोर आकाराचे कोरे पान घ्या. कोऱ्या अर्जाचे स्कॅन केलेले चित्र त्यावर पूर्ण पसरा, प्रत्येक रकान्यावर मजकुराची चौकट ठेवून मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये उत्तर लिहा आणि पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करा. फॉन्ट फाइलमध्येच जातो, त्यामुळे जोडाक्षरे सगळीकडे सारखी दिसतात. मूळ अर्जाची पीडीएफच ड्रॉमध्ये उघडू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला छापील मजकूर त्यात बऱ्याचदा विस्कटतो.

रकाने दोन-चारच असतील, तर एवढा खटाटोप नको. प्रिंट काढा, निळ्या किंवा काळ्या शाईने सुवाच्य लिहा, स्कॅन करून पाठवा. उत्तर लांब असेल, तर रकान्यात ‘Annexure 1’ एवढेच लिहून मराठी उत्तर वेगळ्या पानावर, रकान्याचा क्रमांक घालून जोडा.

इंग्रजी अक्षरांचा मार्ग मला शेवटचा वाटतो, आणि कारण तुमच्याच पत्त्यात आहे. ‘Shiradhon’ वाचून कोणी शिराधोन लिहील, कोणी शिराढोण. ‘Kalamb’चा कलंब होईल, शिवाय कळंब तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे. तो मार्ग घ्यावाच लागला, तर जिल्हा आणि पिनकोड लिहायला विसरू नका, आणि नावाचे स्पेलिंग आधारकार्डावर आहे तसेच ठेवा.

कोणताही उपाय केला, तरी ईमेलमध्ये एक ओळ जरूर लिहा: ‘आपल्या अर्जाच्या रकान्यात मराठी उमटत नाही, म्हणून उत्तरे अशी पाठवत आहे, चालत नसल्यास मुदतीपूर्वी कळवावे.’ आणि त्यासाठी अर्ज शेवटच्या दिवसाच्या निदान चार दिवस आधी पाठवा.