वाचता येत नाही, पण बोलता येतं : बुधवार पेठेतला एक पाठ



आप्पा बळवंत चौक म्हणजे पुस्तकांची बाजारपेठ. जूनमध्ये आपण सगळेच तिथे रांगा लावतो. तिथे पुस्तकांचे गठ्ठे वाहणाऱ्या एका हमालकाकांची कल्पना करा. गठ्ठ्यावरचं नाव त्यांना वाचता येत नाही. खिशात बटणांचा साधा फोन आहे. गावी घरच्यांना अडीचशे रुपये पाठवायचेत. हे काम त्यांना एकट्याने, फोनवरून करता येईल का? आठवी-नववीच्या मुलांसाठी हा दोन तासांचा पाठ आहे.

आधी मुलांना सांगा की अशी सोय खरोखर आहे. साध्या फोनवर *99# लावून बँकेचे व्यवहार करण्याची सोय 2012 पासून आहे, पण तिथे पर्याय पडद्यावर वाचावे लागतात. 8 मार्च 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने ‘यूपीआय 123पे’ सुरू केलं. त्यातल्या एका प्रकारात आपण फोन लावतो, पलीकडचा आवाज पर्याय सांगतो आणि आपण बटण दाबतो. आता मुलांना म्हणा, “काकांसाठी अशीच एक सेवा तुम्ही तयार करा. पलीकडचा आवाज काय बोलेल, ते शब्दन् शब्द लिहा.”

बहुतेक मुलं पडद्यावरची यादीच मोठ्याने वाचल्यासारखी लिहितील : “पैसे पाठवण्यासाठी एक, शिल्लक कळण्यासाठी दोन...” आणि असे आठ पर्याय. ही यादी वर्गात एकदाच वाचा आणि विचारा, पाचवा पर्याय कोणता होता? बहुतेकांना आठवणार नाही. डोळा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, कानाला ते जमत नाही. म्हणून एका वेळी तीन-चारच पर्याय द्यायचे. शिवाय काम आधी आणि आकडा नंतर सांगायचा : “पैसे पाठवायचे असतील, तर एक दाबा.” आकडा आधी आला, तर आपलं काम ऐकू येईपर्यंत तो विसरलेला असतो.

पुढचा प्रश्न रकमेचा. काका ‘दोनशे पन्नास’ म्हणणार नाहीत, ‘अडीचशे’ म्हणतील. कुणी ‘टू फिफ्टी’ म्हणेल. बोललेलं समजून घेणाऱ्या यंत्राला हे तिन्ही शिकवावे लागतात, तसेच सव्वाशे, दीडशे, पाऊणशेही. फोनवर आवाजाचे बारकावे गळतात आणि चौकात हॉर्न चालूच असतात. तिथे ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. म्हणून यंत्राने रक्कम दोन तऱ्हांनी परत सांगावी : “अडीचशे रुपये. म्हणजे दोन, पाच, शून्य. बरोबर असेल तर एक दाबा.” दोनदा ऐकूनही कळलं नाही, तर तिसऱ्यांदा तेच विचारू नये. “आता रक्कम बटणांनी दाबा” म्हणावं. अक्षरं वाचता न येणाऱ्या अनेकांना आकडे मात्र ओळखता येतात.

आता मुलांना विचारा, “काकांनी काय बोलून दाखवू नये?” उत्तर आहे पिन. भर चौकात पिन उच्चारला, तर तो सगळ्यांचा झाला. 123पेमध्येही पिन दाबायचाच असतो. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे वाक्य मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांनाही सांगावं.

इथेच आवाजाची एक मर्यादाही दिसते. सुरुवातीला पिन डेबिट कार्डाने ठरवायचा असेल, तर कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत द्यावी लागते. ते कार्डावरून वाचायला काकांना कुणाची तरी मदत घ्यावी लागू शकते. मदतनीसाने अंक सांगावेत, पण पिन दाबताना तोंड फिरवावं, हेही आपल्या सेवेतल्या आवाजाने बजावलं पाहिजे.

दुसऱ्या तासाला चाचणी घ्या. एक मूल पाठमोरं बसून ‘यंत्र’ होईल आणि कागदावर लिहिलेलीच वाक्यं बोलेल. फोन करणारी व्यक्ती त्या वर्गातली नको. शाळेतल्या मावशी किंवा एखादी आजी तयार असतील तर उत्तम. त्यांना आधी सांगा की परीक्षा त्यांची नाही, मुलांनी लिहिलेल्या वाक्यांची आहे. तिसरं मूल फक्त खुणा करेल : कुठे त्या थांबल्या, कुठे “काय?” म्हणाल्या, कुठे चुकीचं बटण दाबलं. एकाच वाक्यापाशी दोन-तीन जण अडखळले, तर ते वाक्य बदलायचं. “मावशींना समजलं नाही” असं कुणी मूल म्हणालं, तर तिथेच थांबवा आणि ते वाक्य पुन्हा लिहायला लावा.

घरच्या अभ्यासाला एक प्रश्न द्या : घरच्यांच्या यादीत दोन ‘सुनीता’ असतील, तर यंत्राने काकांना काय विचारावं?