ब्लूटूथची विसरलेली किल्ली

स्नेहसंमेलनाच्या तालमीत विंचूरच्या एका मित्राचा फोन ध्वनिवर्धकाशी जुळेना. आदल्या दिवशी तो नीट जुळला होता. आज यादीत नाव दिसे, पण जोडणी लगेच तुटे. दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली, तरी उपयोग झाला नाही. दुसऱ्या मुलाचा फोन मात्र जुळला. म्हणजे ध्वनिवर्धक बिघडलेला नव्हता.

ब्लूटूथची दोन यंत्रे प्रथम जुळतात तेव्हा एक गुप्त किल्ली तयार होते व ती दोन्हीकडे साठवली जाते. पुढे तिच्यावरूनच ओळख पटते. ध्वनिवर्धकात मोजक्याच किल्ल्या मावतात. तालमीत अनेकांनी फोन जोडले, तेव्हा मित्राची किल्ली तेथून पुसली गेली. फोनमध्ये ती तशीच राहिली. कुलूप बदलले, किल्ली जुनीच!

अशा वेळी जुनी जोडी दोन्हीकडून काढावी. फोनमध्ये नावापुढील Forget दाबावे, ध्वनिवर्धकाची यादी त्याच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे रिकामी करावी आणि मग नव्याने जोडावे. मित्राचे काम एवढ्यावरच भागले.

एकाच फोनचे सगळ्याच यंत्रांशी बिनसत असेल, तरच नेटवर्क सेटिंग्ज रीसेट कराव्यात. त्याने छायाचित्रे वा फोन नंबर जात नाहीत. परंतु वायफायचे साठवलेले पासवर्ड आणि सगळ्या जोड्या पुसल्या जातात. पासवर्ड आधी वहीत लिहून घ्यावेत. त्यानंतरही जोडणी तुटत राहिली, तर दोष बहुधा यंत्राच्या अंगातच आहे, असे समजून ते दुरुस्तीस न्यावे.